भिंतीवरचा डिस्पेन्सर, ओट्यावरचा पंप आणि गंजाचा ओघळ

प्रश्न : आमचा फ्लॅट मनीषनगर भागात, सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. वापरायला बोअरचे पाणी येते. सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले असे आम्ही पाच जण. संडास-बाथरूम एकत्र असून त्यातच कडप्प्याच्या ओट्यावर बेसिन आहे. दीड वर्षापूर्वी बेसिनच्या मागच्या भिंतीवर स्टीलचा सोप डिस्पेन्सर बसवला. “स्टील आहे, गंजणार नाही,” असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. आज त्याच्या खालच्या कडेवर तपकिरी ठिपके आहेत, एका स्क्रूखालून टाइलवर गंजाचा ओघळ उतरला आहे आणि उन्हाळ्यात दुपारी तो आपोआप ठिबकतो. सासूबाई म्हणतात, दुसरा आणा पण भिंतीवरचाच, ओटा मोकळा राहतो. मला पंपाची बाटली बरी वाटते, पण तिच्याखाली चिकट कडे धरते. यजमानांचे म्हणणे असे की ७५० मिलीचा पाऊच ११० रुपयांना घेण्यापेक्षा ५ लिटरचा कॅन ४५० रुपयांना आणावा, काहीही बसवले तरी खर्च वाचेल. कॅनमधला साबण मात्र पातळ असतो. आम्ही काय घ्यावे?

— एक वाचक, नागपूर

उत्तर :

डबा नेमका दुपारीच ठिबकतो, ही बारीक गोष्ट तुम्ही टिपलीत हे फार बरे झाले. घरात जो वाद चालू आहे तो भिंत की ओटा असा आहे; पण या ठिबकण्याचे कारण नीट पाहिले, तर तो वाद थोडा बाजूला सरकतो आणि खरा प्रश्न समोर येतो. तो प्रश्न असा की साबणाचा चुकार थेंब पडतो कुठे, आणि तो तिथे किती वेळ राहतो.

भिंतीवरच्या डब्यात साबण वर असतो आणि झडप खाली. म्हणजे साबणाचा सगळा भार चोवीस तास त्या छोट्याशा रबरी झडपेवर असतो. डबा अर्धा रिकामा झाला की साबणाच्या वर हवा साठते. झाकणाला हवा ये-जा करण्यासाठी एक बारीक छिद्र असावे लागते. ते नसेल किंवा वाळलेल्या साबणाने बुजले असेल, तर ही हवा आत कोंडून राहते. आता नागपूरचा मे महिना आणि गच्चीखालचे बाथरूम डोळ्यांसमोर आणा. पहाटे २८ अंशांवर असलेली आतली हवा दुपारी ४३ अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारे पाच टक्क्यांनी प्रसरण पावते. अर्धा लिटरच्या डब्यात २५० मिली हवा असेल, तर तिला जादा बारा मिली जागा लागते आणि तेवढाच साबण झडपेतून बाहेर ढकलला जातो. रात्री हवा आकसली की झडपेतूनच थोडी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी हाच खेळ पुन्हा सुरू होतो. महिनाभर असे चालले, तर कुणीही हात न धुता जवळपास अर्धा पाऊच वाहून जातो. पैशांत सांगायचे तर पन्नास-पंचावन्न रुपये.

हे कारण तुमच्याकडे लागू आहे की नाही, हे ओळखणे सोपे आहे. एखाद्या दुपारी झाकण नुसते सैल करून ठेवा. ठिबकणे थांबले, तर हवेचे छिद्र बुजलेले आहे आणि ते सुईने मोकळे होते. झाकण सैल असूनही थेंब पडतच राहिला, तर झडपेच्या रबरात वाळलेल्या साबणाचा कण अडकला आहे किंवा रबर ताठरले आहे. अशा वेळी डबा रिकामा करून त्यात कोमट पाणी भरावे आणि पंचवीस-तीस वेळा दाबून ते झडपेतून जाऊ द्यावे. एवढ्याने भागले नाही, तर झडप बदलावी लागते. ती सुटी मिळते का, हा प्रश्न नवा डबा घेण्याआधी दुकानात विचारायचा असतो, कारण बऱ्याच डब्यांची झडप सुटी मिळत नाही आणि चाळीस-पन्नास रुपयांच्या रबरापायी सगळा डबा टाकून द्यावा लागतो.

पंपाच्या बाटलीत रचना उलटी असते. तिथे साबण झडपेच्या खाली असतो आणि दट्टा दाबल्यावरच नळीतून वर चढतो. त्यामुळे पंप जुना झाला तर फार तर दोनदा दाबावे लागते, बाटली आपोआप रिकामी होत नाही. भिंतीवरचा डबा बिघडला की गळतो आणि पंप बिघडला की साबण देत नाही. या दोहोंत दुसरा बिघाड घरात अधिक सोसण्यासारखा आहे, असे माझे मत आहे.

आता गंजाकडे वळू. तुम्ही लिहिलेले ठिपके आणि ओघळ हे दोन वेगळे गंज आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

ओघळ जवळजवळ नेहमीच स्क्रूचा असतो. डबा स्टीलचा असला तरी त्यासोबत पुडीत येणारे स्क्रू पुष्कळदा साध्या लोखंडाचे आणि वरून चकाकी दिलेले असतात. पेचकसाने घट्ट करताना त्यांच्या माथ्यावरचा मुलामा खरवडला जातो, डब्याच्या पाठीमागे पाणी साचून राहते आणि तिथून तपकिरी रेघ खाली उतरते. डबा काढा आणि स्क्रूला चुंबक लावून पाहा. खटकन चिकटला, तर तो लोखंडी आहे. चांगल्या स्टेनलेस स्क्रूला चुंबक चिकटत नाही, किंवा अगदी हलकेच ओढला जातो. सीताबर्डी किंवा गांधीबागेतल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेसचे सुटे स्क्रू मिळतात; चार स्क्रूंसाठी होणारा खर्च नगण्य आहे आणि दुकानदाराने पुडीत दिलेले स्क्रू वापरायलाच हवेत असा काही नियम नाही.

ठिपके मात्र डब्याचेच आहेत. “स्टील आहे, गंजणार नाही” या वाक्यात दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही, पण त्याने अर्धेच सांगितले. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो आणि तोच आतल्या लोखंडाला वाचवतो. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर स्वस्त वस्तूंसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या २०२ प्रतीत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. कोरड्या जागेत दोन्ही सारखीच चमकतात. ओल, मीठ आणि आम्लाची वाफ यांच्या सान्निध्यात मात्र २०२ लवकर हार मानते. आणि इथे चुंबक तुम्हाला मदत करणार नाही, कारण तो या दोन्ही प्रतींना चिकटत नाही. ठोक व्यापारी पत्र्यावर रसायनाचा थेंब टाकून प्रत ओळखतात. आपल्याला दुकानात ते शक्य नसते. म्हणून वस्तूवर किंवा बिलावर ३०४ लिहून मिळते का, एवढेच पाहावे आणि मिळत नसेल तर २०२ धरून चालावे.

तुमच्या बाथरूममध्ये हा थर खाणाऱ्या गोष्टी तीन आहेत. पहिली म्हणजे हँडवॉश स्वतः. तो दाट दिसावा म्हणून बहुतेक हँडवॉशमध्ये साधे मीठ घातलेले असते. म्हणजे डब्याच्या खालच्या कडेवर वाळणारा प्रत्येक थेंब थोडे क्षार मागे ठेवून जातो. ठिपके वर न येता खालच्या कडेवरच आले, त्याचे कारण हे. दुसरी गोष्ट बोअरचे पाणी. त्याचे शिंतोडे वाळल्यावर पांढरा थर राहतो आणि त्या थराखाली ओल टिकून राहते. तिसरी गोष्ट सर्वांत जहाल आहे आणि तिच्याकडे कुणाचेही लक्ष नसते. ती म्हणजे संडास धुण्याचे ॲसिड. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याची वाफ बंद खोलीत भांड्यापुरती न राहता सगळीकडे पसरते. संडास आणि बेसिन एकाच खोलीत असलेल्या घरांत नळांच्या माना, टॉवेलचे दांडे आणि डिस्पेन्सर एकाच सुमारास काळवंडतात, याचे कारण बहुधा ही वाफच असते. ३०४ स्टीलही या वाफेपुढे पूर्णपणे सुरक्षित नाही. तेव्हा ॲसिड वापरायचे त्या दिवशी खिडकी उघडी व एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा, आणि काम झाल्यावर धातूच्या वस्तू आधी ओल्या व मग कोरड्या फडक्याने पुसाव्यात. ॲसिडसोबत ब्लिचिंग पावडर कधीही वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो माणसाला घातक आहे.

म्हणूनच तुमच्या खोलीसाठी धातूच्या कोणत्याही डिस्पेन्सरच्या बाजूने मत देणे मला जड जाते. भिंतीवरचा घ्यायचाच असेल, तर चांगल्या जाडीच्या एबीएस प्लास्टिकचा घ्यावा. तो स्टीलइतका रुबाबदार दिसत नाही आणि पाच-सात वर्षांत थोडा पिवळसर पडतो, हे खरे आहे. पण तो गंजत नाही, आणि आतला साबण किती उरला हे दाखवणारी खिडकी बहुतेकांना असते. घेताना आतले भांडे सुटे निघते का, ते स्वतः काढून पाहावे. ते निघत नसेल, तर तो डबा घेऊ नये. न निघणारे भांडे भिंतीवर असताना नीट धुता येत नाही, आणि हे पुढे साबण भरण्याच्या मुद्द्यात महत्त्वाचे ठरणार आहे.

पंपही या दुखण्यातून अगदी सुटलेला नाही. स्वस्त पंपात आतली स्प्रिंग साबणाच्या वाटेतच बसवलेली असते. ती हलक्या प्रतीची असेल, तर काही महिन्यांत गंजू लागते. सकाळचा पहिला दाब पांढऱ्या कागदी रुमालावर घेऊन पाहा; त्यात तपकिरी झाक दिसली, तर पंप बदलायची वेळ झाली आहे. चकचकीत सोनेरी किंवा चंदेरी माथ्याच्या बाटल्या फोटोत छान दिसतात, पण आतून प्लास्टिक आणि वरून मुलामा असा प्रकार असतो आणि बोटांच्या जागी तो मुलामा आधी निघतो. साधा प्लास्टिकचा माथा बरा. जाता जाता एक सांगते : ओट्यावर तपकिरी गोल डाग दिसला की लोक पंपाच्या बाटलीला दोष देतात, पण बाटली प्लास्टिकची किंवा काचेची असेल तर तो डाग तिचा असूच शकत नाही. तो दाढीच्या फोमच्या किंवा सुवासिक फवाऱ्याच्या पत्र्याच्या डब्याचा असतो. ते डबे ओट्यावरून उचलून फळीवर ठेवावेत.

तुमच्या बाटलीखाली धरणारे कडे चिकट आहे, तपकिरी नाही, म्हणजे तो गंज नाही. आपण ओल्या हाताने पंप दाबतो, हातावरचे पाणी माथ्यावरून मानेवर आणि मानेवरून बुडाशी उतरते. तोटीच्या टोकाला लोंबणारा साबणही त्यात मिसळतो. बाटलीच्या बुडाखाली हवा जात नसल्यामुळे ते मिश्रण वाळत नाही, नुसते दाट होत जाते आणि त्यात बोअरच्या पाण्यातले क्षार बसतात. यावर उपाय म्हणजे बाटलीचे बूड ओट्याला टेकू न देणे. चिनी मातीची पाय असलेली छोटी तबकडी किंवा जाळीची प्लास्टिकची बैठक तिच्याखाली ठेवावी, आणि रात्री बेसिन पुसताना बाटली उचलून खालून फडके फिरवावे. लोखंडी तारेवर रंग दिलेल्या बैठका घेऊ नयेत. रंग सुटला की तुम्ही पुन्हा गंजाशी येऊन पोहोचाल.

कडप्प्याबाबत विशेष जपायला हवे. पांढरा थर घालवण्यासाठी लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड वापरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि टाइलवर तो चालतोही. कडप्पा मात्र चुनखडीचा दगड आहे. आम्ल लागले की त्याची झिलई जाते आणि तिथे कायमचा फिकट चट्टा पडतो, जो घासून निघत नाही. तुमच्या टाइलवरचा गंजाचा ओघळ सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने निघेल, पण तो काढण्याआधी खाली ओट्यावर प्लास्टिक अंथरा, द्रावण कापसाच्या बोळ्याने फक्त रेघेवर लावा, दहा मिनिटांनी पुसून साध्या पाण्याने धुवा. कडप्प्यावर फक्त सौम्य साबण, पाणी आणि कोरडे फडके.

खर्चाच्या बाबतीत यजमानांचा हिशेब एका अंगाने बरोबर आहे. पाऊचमधला साबण मिलीमागे साधारण साडेचौदा पैसे पडतो आणि कॅनमधला नऊ पैसे. पण घरखर्च मिलीच्या भावावर जितका ठरतो, त्याहून अधिक तो दाबांच्या संख्येवर ठरतो. पाच माणसे दिवसात या बेसिनवर प्रत्येकी पाच वेळा हात धुतात असे धरू, म्हणजे पंचवीस वेळा. नेहमीचा पंप एका दाबात साधारण दीड मिली साबण देतो आणि सवयीने बहुतेक जण दोनदा दाबतात. त्या हिशेबाने दिवसाला ७५ मिली आणि महिन्याला सव्वादोन लिटर, म्हणजे बरोबर तीन पाऊच, ३३० रुपये. तेवढाच साबण कॅनमधून घेतला तर सुमारे २०३ रुपये. इथपर्यंत यजमान जिंकले.

आता पाऊचचाच साबण ठेवून दाब एकावर आणा. खर्च १६५ रुपयांवर येतो, म्हणजे कॅनपेक्षाही कमी. दुसरीकडे कॅनमधला साबण पातळ आहे, तो बोटांमधून घसरतो आणि फेस कमी वाटतो, म्हणून मुले तिसऱ्यांदा दाबतात. तीन दाबांनी महिन्याला जवळजवळ ३.४ लिटर साबण जातो आणि नऊ पैशांच्या भावानेही ३०४ रुपये होतात. बचत सव्वीस रुपयांवर आली, आणि पातळ साबण जास्त ठिबकतो हे त्यात धरलेलेच नाही. साधे हात धुण्यासाठी दीड मिली पुरते. जेवणानंतर तेलकट हातांना दुसरा दाब लागला तर तो उधळेपणा नव्हे.

तुमचा पंप किंवा डबा एका दाबात किती देतो, हे अंदाजाने ठरवू नका. खोकल्याच्या औषधासोबत येणारे खुणा असलेले झाकण घ्या, त्यात पाच वेळा दाबा आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागा. दोन मिलीच्या वर निघाला, तर पंपाच्या दांड्यावर माथ्याखाली पाणी नेण्याच्या पातळ नळीचा उभा चिरलेला तुकडा कड्यासारखा बसवा. दट्टा पूर्ण खाली जात नाही आणि प्रत्येक दाब आपोआप लहान होतो. दांडा साधारण जितका खाली जातो त्याच्या निम्म्या उंचीचा तुकडा घेतला, तर दाबही साधारण निम्मा होतो. मुलांना दहा वेळा सांगण्यापेक्षा हा तुकडा बरा. भिंतीवरच्या डब्यावर ही युक्ती सहसा करता येत नाही, म्हणून तो विकत घेतानाच एका दाबात किती देतो ते विचारावे.

बचतीचा आणखी एक मार्ग घरोघरी चालतो, तो म्हणजे उरलेल्या साबणात पाणी घालणे. हे करू नये. हँडवॉश टिकावा म्हणून त्यात संरक्षक द्रव्य मोजून घातलेले असते. पाण्याने ते विरळ होते, मग त्या साबणात जिवाणू वाढू शकतात. याच कारणाने उरलेल्या साबणावर नवा साबण ओतणेही टाळावे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००२ साली रुग्णालयांसाठी दिलेल्या सूचनांत अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये साबणाची भर घालू नये असे स्पष्ट म्हटले आहे. घर म्हणजे रुग्णालय नव्हे, हे मान्य. पण वृद्ध माणूस आणि लहान मुले असलेल्या घरात हा नियम पाळायला काहीच खर्च येत नाही. दोन एकसारख्या बाटल्या किंवा दोन आतली भांडी ठेवावीत. एक रिकामी झाली की तिच्यात गरम पाणी भरून पंप पंधरा-वीस वेळा दाबावा, धुऊन पालथी घालावी, पूर्ण वाळल्यावर भरावी, तोवर दुसरी वापरात असते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे साबण मिसळू नयेत. विशेषतः एक खरा साबण आणि दुसरा आम्लधर्मी हँडवॉश असेल, तर मिश्रण फाटते आणि त्याच्या गाठी नेमक्या झडपेत अडकतात.

फेस देणाऱ्या पंपाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण इतर वाचक विचारतील म्हणून एवढेच : त्यात नेहमीचा दाट हँडवॉश घातला की आतली जाळी बुजते, आणि त्यासाठीच बनवलेला फेसाचा साबण बहुधा महाग पडतो.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येते. ओटा मोकळा राहिला की पुसायला सोपा जातो, यात त्या बरोबर आहेत. मात्र भिंतीवरच्या डब्याने ओटा मोकळा राहतो हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. ओट्यावर बसवलेल्या बेसिनची मागची कड आणि भिंत यांच्यामध्ये पुष्कळदा दहा-पंधरा सेंटिमीटर दगड उघडा असतो, कारण तिथे नळ बसवायचा असतो. भिंतीवरचा डबा भिंतीपासून साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी पुढे येतो. म्हणजे त्याचा थेंब बेसिनमध्ये न पडता नळामागच्या त्या पट्टीवर पडतो, जिथे हात घालून पुसणे सर्वांत अवघड. तुमचा डबा मागच्या भिंतीवर आहे, तेव्हा तुमच्याकडेही हेच होत असावे अशी मला दाट शंका आहे.

याची परीक्षा अशी घ्या. दोऱ्याला एक किल्ली बांधा आणि डब्याचे तोंड जिथे येईल त्या जागेवरून, भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर, दोरा सोडा. ते अंतर दुकानात टेपने मोजून आणावे, डब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर विश्वास ठेवू नये. किल्ली बेसिनच्या कडेच्या आत निदान पाच सेंटिमीटर लोंबली, तर भिंतीवरचा डबा तिथे योग्य आहे. किल्ली कडेवर किंवा ओट्यावर आली, तर बाजूची भिंत पाहा. अनेक बाथरूमांत बेसिनची एक बाजू भिंतीला लागून असते आणि तिथे किल्ली सहज आत येते. दोन्हीकडे जमले नाही, तर पंपाची बाटली घ्या आणि तिची तोटी बेसिनच्या कडेच्या आत वळवून ठेवा. या परीक्षेचा निकाल सासूबाईंच्या समोरच लागू द्यावा असे मी सुचवेन. किल्ली कुणाचीच बाजू घेत नाही.

सासूबाईंच्या हातांचाही विचार व्हावा. भिंतीवरच्या काही डब्यांचे बटण अंगठ्याने जोर लावून दाबावे लागते आणि सांधे दुखणाऱ्या माणसाला ते त्रासाचे होते. पंप तळहाताने दाबता येतो. भिंतीवरचाच घ्यायचा ठरला, तर त्यांना दुकानात सोबत न्या आणि एका हाताने दाबून पाहू द्या. ज्याचा पुढचा रुंद पत्रा तळहाताने ढकलता येतो, तो प्रकार घ्यावा.

बसवण्याच्या वेळी डब्याचे तोंड बेसिनच्या कडेपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर वर येईल आणि धाकट्या मुलाचा हात पोहोचेल अशी उंची धरावी. नळाच्या थेट वरच्या उभ्या पट्ट्यात छिद्र पाडू नये, कारण भिंतीतला पाण्याचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. गिझरचा पाइप कुठून वळतो हे प्लंबरला आधी विचारावे. टाइलवर चिकटपट्टी लावून त्यावर खूण करावी, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोके देणारा भाग बंद ठेवावा आणि आतल्या विटेत शिरल्यावरच तो चालू करावा. सहा मिलिमीटरचे छिद्र, त्याच मापाची प्लास्टिकची गिट्टी, गिट्टीच्या तोंडाशी सिलिकॉनचा एक थेंब आणि स्टेनलेसचा स्क्रू, एवढे केले की मागे पाणी शिरत नाही. चिकटवायच्या पट्टीवर बसणारे डबे भाड्याच्या घरात मोह घालतात, पण भरलेला डबा पाऊण किलोच्या आसपास जातो, त्यावर रोज पंचवीस वेळा दाब पडतो आणि उन्हाळ्यात पट्टीचा गोंद मऊ होतो. भाड्याने राहणाऱ्या वाचकांनी बाटलीच घ्यावी. पट्टी लावायचीच असेल, तर टाइल स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि डबा चिकटवल्यानंतर एक पूर्ण दिवस तो रिकामाच ठेवावा.

तुमचे बाथरूम, बोअरचे पाणी आणि पाच माणसे पाहता माझा कल असा : किल्ली बेसिनमध्ये पडत असेल, तर आतले भांडे निघणारा एबीएसचा भिंतीवरचा डबा, पडत नसेल, तर साध्या पंपाच्या दोन बाटल्या आणि पाय असलेली तबकडी. दोन्हींत सध्या पाऊच चालू ठेवा, एका दाबाची सवय लावा, आणि दोन महिन्यांनी खरोखर किती साबण लागतो ते पाहून मग कॅनचा विचार करा. कॅन घेतलाच तर दुकानात त्याचा दाटपणा पाहा, त्यावरची मुदत वाचा आणि तो गच्चीवर किंवा बाल्कनीत उन्हात न ठेवता आत ठेवा.

जुना स्टीलचा डबा काढल्यावर त्याची छिद्रे नव्या डब्याला जुळली नाहीत, तर जुन्या गिट्ट्या पक्कडीने ओढून काढा, छिद्रे कोरडी होऊ द्या आणि त्यांत टाइलच्या रंगाचे ग्राउट किंवा पांढरे सिमेंट भरा. गंजका स्क्रू मोडून आत राहिला असेल, तर तो काढल्याशिवाय छिद्र बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात सिमेंटमधून पुन्हा तपकिरी ठिपका वर येईल.